नारळ, दोर आणि मॉस्को

माझ्या भाचीचं ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ लातूरहून निघालं तेव्हा त्यात 1,480 शब्द होते. बहुतेक विद्यापीठांची मर्यादा हजाराच्या आतली असते. घरातल्या प्रत्येकाचं म्हणणं मात्र एकच होतं, आम्ही फक्त दोन-दोन ओळी सुचवल्या.

पोरगी सिव्हिल इंजिनिअर. भूजलशास्त्रात मास्टर्स करायला अमेरिकेत जायचं म्हणते. मी पुण्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजात बावीस वर्षं शिकवतोय, एम.टेक.चे अर्ज वाचतो, परदेशी निघालेल्या मुलांची शिफारसपत्रं लिहितो. त्यामुळे ताईचा फोन आला, “तू फक्त एकदा नजर घाल.” आमच्या घराण्यात ‘एकदा नजर घाल’ याचा अर्थ ‘नव्याने लिहून दे’ असा होतो. मी म्हटलं, लिहून देणार नाही, प्रश्न विचारीन. ताई म्हणाली, “विचार की. तुला दुसरं काय येतं?”

मजकूर उघडला. पहिला परिच्छेद एका थोर पुरुषाच्या वचनाने सुरू होत होता. दुसरा 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपाने. मी फोन लावला.

“तुझा जन्म कधीचा गं?”

“2002, मामा.”

“मग भूकंपात तू काय करत होतीस?”

पलीकडे शांतता. मग मागून दाजींचा आवाज आला, “आरं, लातूर म्हणलं की भूकंप सांगावाच लागतो. त्याशिवाय त्यांना लातूर कसं कळणार?” दाजींच्या डोळ्यांसमोर प्रवेश समिती म्हणजे नुकसानभरपाईचा पंचनामा करायला आलेली माणसं होती. जितकी पडझड दाखवाल तितकी रक्कम मोठी. हा गैरसमज एकट्या दाजींचा नाही. निम्मी एसओपी तो पोटात घेऊनच जन्माला येतात. पण वाचणारा माणूस प्राध्यापक असतो. त्याच्या टेबलावर गठ्ठा असतो, चहा निवत असतो, आणि तो एकच गोष्ट शोधत असतो: या मुलीला नेमकं काय शोधायचंय, आणि ते आमच्याकडे कोणापाशी बसून शोधता येईल? आमच्याकडे कोणीच नसेल तर हुशार मुलीचा अर्जही नाकारला जातो. प्रबंध लिहायचा असेल तर हे फारच खरं आहे, कारण तिथे तिला कुणीतरी मार्गदर्शक म्हणून पदरात घ्यावं लागतं. दया येऊन कोणी पदरात घेत नाही.

भूकंप काढला. वचनही काढलं, कारण प्रवेश त्या थोर पुरुषाला नको होता.

पुढे आली पाण्याची रेल्वे. ही मात्र तिच्या आयुष्यातली होती. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून दहा वाघिणी भरून, साधारण पाच लाख लिटर पाणी घेऊन गाडी लातूरला आली, तेव्हा ही आठवी-नववीत होती. तिने लिहिलं होतं की स्टेशनवर ती गाडी पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी मी जलतज्ज्ञ व्हायचं ठरवलं.

“गेली होतीस स्टेशनवर?”

“नाही. झोपले होते. मग टीव्हीवर पाहिली.”

“आणि जलतज्ज्ञ?”

“तेव्हा मला डान्सर व्हायचं होतं.”

मग हे वाक्य आलं कुठून? तर त्यांच्या ओळखीच्या एका सल्लागाराकडून. फीमध्ये ‘एसओपी पॉलिश’ धरलेलं होतं. पॉलिश म्हणजे काय, तर जिथे पाणी होतं तिथे डोळ्यांतलं पाणी, आणि जिथे आवड होती तिथे ‘ज्वलंत ध्यास’. असल्या मजकुराची ओळखखूण सोपी आहे. त्यातला गाव आणि नदी बदला, आणि तो बुंदेलखंडातल्या मुलाच्या अर्जातही तसाच चालतो. ज्या वाक्याखाली कोणाचीही सही चालते, त्या वाक्याचा तिला काडीचा उपयोग नाही.

मी विचारलं, “बरं, टीव्ही सोड. त्या उन्हाळ्यात तू स्वतः काय पाहिलंस? उघड्या डोळ्यांनी?”

तिने बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, “नारळ.”

नारळाची गोष्ट मजकुरात होतीच, पण मी ती दीड मिनिटापूर्वी लाल रेघ मारून उडवली होती. दाजींनी मळ्यात तीन बोअर घेतले होते, तिन्ही पाणाड्याला विचारून. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतभर फिरायचा, आणि जिथे नारळ उभा राहील तिथे बोअर. नारळ तिन्ही वेळा ताठ उभा राहिला. पहिल्या बोअरला दीडशे फुटांवर ओल लागली आणि सुकली. दुसरा कोरडा. तिसरा 600 फूट गेला आणि धूळ घेऊन परत आला. दाजींनी प्रत्येक वेळी नारळ फोडून प्रसाद वाटला, त्यामुळे अगदीच पाणी लागलं नाही असं म्हणता येत नाही.

मजकुरात हे 140 शब्दांत, वडिलांच्या अंधश्रद्धेचं दुःख म्हणून आलं होतं. मी ते दुःख उडवलं होतं. पण भाची पुढे जे बोलली ते मजकुरात नव्हतंच.

“मामा, पण गंमत काय, त्या बोअरपासून हाकेच्या अंतरावर आजीची जुनी विहीर आहे. चाळीस फूट. तिला मार्चपर्यंत पाणी होतं. आजी रोज पोहऱ्याने काढायची. पाणी खाली गेलं की दोर पुरायचा नाही, मग ती जुन्या दोराचा तुकडा जोडायची. दोराला गाठी वाढत गेल्या. मी गाठी मोजायचे.”

मी खुर्चीत सरळ झालो. म्हटलं, “पोरी, हे तू का नाही लिहिलंस?”

“त्यात काय लिहायचं? दोर तर होता.”

त्यात काय लिहायचं हे सांगण्याआधी जरा जमिनीखाली जाऊ. मराठवाडा उभा आहे काळ्या बेसाल्टवर. लाव्ह्याचे थर एकावर एक निवत गेले, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. या खडकात पाणी वाळूसारखं सगळीकडे भरलेलं नसतं. वरचा मुरूम, झिजलेला भाग, त्याखालचा भोकाभोकांचा मांजऱ्या, आणि दोन थरांमधल्या भेगा, एवढ्यातच काय ते पाणी. घट्ट काळा पाषाण लागला की कोरडं. म्हणून चाळीस फुटांची रुंद विहीर पाणी देते आणि तिच्या शेजारी सहा इंचांचा बोअर 600 फूट जाऊनही धूळ देतो. तो भेग चुकवून गेलेला असतो. खोलीचा आणि पाण्याचा संबंध आपण मानतो तितका नाही. हे दाजींना कळायला तीन बोअर लागले, आणि अजून पुरतं कळलेलं नाही.

म्हणजे चौदा वर्षांच्या मुलीने त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी पाहिल्या: हाकेच्या अंतरावर दोन वेगळी उत्तरं देणारी जमीन, आणि पाण्याची पातळी मोजणारा एक दोर. दोराची प्रत्येक गाठ म्हणजे एक नोंद. भूजलाचा माणूस हे वाचून चहाचा कप खाली ठेवील, कारण ही त्याची रोजची भाषा आहे. रेल्वे सगळ्यांनी पाहिली. गाठी हिनेच मोजल्या.

आता मी तिला बी.ई.च्या प्रकल्पाबद्दल विचारलं. 1,480 शब्दांत प्रकल्पाला 46 मिळाले होते, त्यात मार्गदर्शकांचं पूर्ण नाव, पदवी आणि ‘ए’ ग्रेड. त्याच्या आधी 230 शब्दांत तिने कॉलेजात शिकलेल्या विषयांची यादी दिली होती. ती मार्कशीटवर असतेच. अर्जासोबत मार्कशीट जाते हे मुलं विसरतात, जसं लग्नाच्या बायोडेटात उंची लिहून शिवाय फोटोत मोजपट्टी धरून उभं राहावं.

“प्रकल्पात काय केलंस? हातांनी?”

मग बाहेर आलं. एका गावातल्या 14 विहिरी. मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये, पोलादी टेपला खडू फासून प्रत्येक विहिरीत सोडायचा, जिथपर्यंत खडू भिजला ते वाचायचं. पातळी सरासरी 4.2 मीटरने वर आली. आता किती पाणी मुरलं? नुसते 4.2 मीटर म्हणता येत नाही, कारण ते पाणी खडकाच्या फटींत भरलंय. खडकाच्या आकारमानातला किती हिस्सा पाणी सोडू शकतो, तो आकडा घ्यावा लागतो. त्याला स्पेसिफिक यील्ड म्हणतात. बेसाल्टसाठी तो साधारण एक ते तीन टक्के. तिने तक्त्यातून दोन टक्के घेतला, गुणाकार केला, 84 मिलिमीटर आलं, बाइंडिंग करून जमा.

“एक टक्का घेतला असतास तर?”

“42.”

“तीन?”

“126.” मग जरा थांबून, “मामा, म्हणजे माझं उत्तर तिप्पट इकडे-तिकडे होऊ शकतं.”

“गाव केवढं?”

“सहाशे हेक्टर.”

आम्ही फोनवरच हिशेब केला. 600 हेक्टरवर 84 मिलिमीटर म्हणजे 50 कोटी लिटर. एक टक्का धरला तर 25 कोटी. फरक 25 कोटी लिटरचा. मी म्हटलं, “आता त्या दहा वाघिणींच्या गाडीने भाग.”

खडखड टाइप केल्याचा आवाज आला आणि मग ती अगदी हळू म्हणाली, “पाचशे गाड्या.”

एका छोट्या गावात, तक्त्यातून उचललेल्या एका टक्क्यात, मिरजेहून आलेल्या तसल्या पाचशे गाड्या मावल्या होत्या. स्टेशनवर जाऊन जे रडू आलं नव्हतं ते आता येईल की काय अशी मला भीती वाटली. मी घाईने म्हटलं, हे लिही. पण डोळ्यांतलं पाणी न घालता.

इथे एसओपीची पाठ सरळ झाली. बालपण, प्रकल्प आणि पुढचं शिक्षण अशा तीन सुट्या पेट्या होत्या, त्यांतून आता एकच दोर गेला. लहानपणी पाहिलेली गोष्ट एक प्रश्न विचारते. प्रकल्प त्याचं अर्धं उत्तर देतो आणि अडतो. जिथे अडतो तिथून मास्टर्स सुरू होतं. ताईला मात्र धक्का बसला. “अरे, प्रकल्पात चूक होती हे आपणच लिहायचं?” मी म्हटलं, ही चूक नव्हे, ही मर्यादा आहे, आणि आपली मर्यादा आकड्यात सांगणारी मुलगी प्राध्यापकाला शंभर पावलांवरून दिसते. ज्यांचे प्रकल्प शंभर टक्के यशस्वी झाले त्यांना पुढे शिकायचं कशाला आहे?

आमच्या पोरीने मग पहिला परिच्छेद असा लिहिला. मूळ इंग्रजीत आहे, इथे आपला मराठीत सांगतो:

‘2016 च्या उन्हाळ्यात आमच्या शेतातला 600 फुटांचा बोअर कोरडा गेला, त्याची जागा एका पाणाड्याने तळहातावरच्या नारळाने ठरवली होती. त्याच्या जवळच आजीच्या 40 फुटी विहिरीला मार्चपर्यंत पाणी होतं. पाणी उतरेल तशी आजी दोराला तुकडा जोडायची. मी गाठी मोजायचे, मार्चअखेर त्या सात झाल्या. सहा वर्षांनी मी 14 विहिरींत टेप सोडून तेच काम पुन्हा केलं, आणि माझ्या लक्षात आलं की पातळी मोजणं सोपं आहे, त्या पातळीचा अर्थ लावणं नाही.’

बस. शंभराच्या आत शब्द, आणि दुष्काळाबद्दल एकही विशेषण नाही. नारळ राहिला, पण वडिलांची कीव न करता. तिथे तो फक्त बोअरची जागा ठरवणारं उपकरण म्हणून येतो, उपकरण चुकलं एवढंच.

पुढचे जवळजवळ तीनशे शब्द प्रकल्पाला. नोकरीचं वर्षही कामी आलं. एका कन्सल्टन्सीत ती पाणीपुरवठा योजनांची अंदाजपत्रकं करायची. त्यात स्रोताच्या क्षमतेचा रकाना असतो, आणि तो बहुधा शेजारच्या गावच्या योजनेवरून भरतात. मसुद्यात तिने ‘टीमवर्क आणि नेतृत्वगुण’ असं लिहिलं होतं. त्याऐवजी त्या रकान्याबद्दल तीन वाक्यं आली. स्पेसिफिक यील्डची तीच शंका, फक्त आता सरकारी कागदावर.

एम-थ्रीची केटी होती. ताईचं मत, लपवूया. मार्कशीटवर छापलेली गोष्ट लपवणं म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध पिणं. दाजींचं मत, त्या वर्षी म्हैस वारली होती ते सांगूया. शेवटी दोन वाक्यं राहिली: तिसऱ्या सत्रात गणितात नापास झाले, पुढच्या सत्रात सुटले, भूजलाचं गणित डिफरन्शियल इक्वेशनवर चालतं हे कळल्यावर तो विषय पुन्हा स्वतः केला आणि प्रकल्पात वापरला. म्हैस वगळली. तिच्याबद्दल आम्हा सर्वांना आदर आहे.

आता राहिला ‘तुमचंच विद्यापीठ का’ हा भाग. 260 शब्द होते: जागतिक दर्जाचे प्राध्यापक, अद्ययावत प्रयोगशाळा, बहुसांस्कृतिक वातावरण. मी तिला एक जुनी कसोटी सांगितली. विद्यापीठाचं नाव खोडून दुसरं घाल आणि वाच. तिने घातलं. वाक्य हललंसुद्धा नाही. तेवढ्यात तिला दिसलं की एका ठिकाणी आधीच दुसरं नाव होतं, मागच्या अर्जातलं. सल्लागाराच्या पॉलिशखाली ते छान चकाकत होतं.

यादीत नेदरलँड्सही होतं, कारण ‘पाणी म्हटलं की डच’. ते खरंच आहे, पण त्यांचं पाणी वाळूत आणि गाळात, तेही गरजेपेक्षा जास्त. काळ्या पाषाणातलं पाणी शोधणारी मुलगी समुद्र अडवणाऱ्यांकडे का निघाली, हे तिला एका वाक्यात सांगता येईना. संगणकावर भूजलाचं मॉडेल करायला शिकायचं असतं तर ते कारण झालं असतं. तिला तर विहिरींवर पंपिंग टेस्ट करायच्या होत्या. नाव गेलं.

मग मी विचारलं, “बेसाल्टवर आणखी कोण राहतं?” यातच तिने दोन रात्री घालवल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन केला. “मामा, मॉस्को!”

हे रशियाचं नव्हे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मॉस्को नावाचं छोटं गाव आहे, तिथे युनिव्हर्सिटी ऑफ आयडाहो. जेमतेम तेरा किलोमीटरवर, राज्याची हद्द ओलांडून, पुलमन. तिथे वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी. दोन्ही गावं पितात ते पाणी बेसाल्टच्या थरांतलं, कोलंबिया नदीच्या खोऱ्यातल्या. तो बेसाल्ट आपल्यापेक्षा पुष्कळ तरुण, पण जात तीच. आणि खोलवरच्या त्या थरातली पातळी कित्येक दशकं खाली जातेय, म्हणून दोन्ही गावं मिळून तिच्यावर नजर ठेवून असतात. म्हणजे तिकडेही कोणीतरी दोराला गाठी मारतंय.

तरी मी म्हटलं, लगेच हुरळू नकोस, फरक काय तेही लिही. तिने लिहिलं: तिथे पाणी मुख्यतः खोल थरांच्या सांध्यांमधून येतं, आमच्याकडे वरच्या झिजलेल्या भागातून, पाणी साठवण्याचा आकडा तिथे कसा काढतात आणि ती पद्धत उथळ विहिरींना किती लागू पडते, हे मला पाहायचंय. मग विभागातल्या प्राध्यापकांची पानं उघडून कोण सध्या या विषयावर काम करतंय, कोण निवृत्त झालंय, हे पाहिलं. यादीतली पहिली दोन नावं तिने तेवढ्यावरच गाळली. जी ठेवली त्यांचा एकेक लेख खरोखर वाचला, नुसतं नाव डकवलं नाही. आता या परिच्छेदात विद्यापीठाचं नाव बदललं की तो कोलमडतो. कोलमडायलाच हवा.

लातुरात मात्र ‘मॉस्को’ने गोंधळ घातला. आत्याने विचारलं, रशियात लढाई चालू असताना पोरीला कुठे पाठवताय? दाजींनी सांगितलं, हे अमेरिकेतलं आहे. आत्या म्हणाली, अमेरिकेने मॉस्को कधी घेतलं?

काही विद्यापीठं एसओपीशिवाय वेगळं ‘पर्सनल स्टेटमेंट’ मागतात, तिथे घरचं, परिस्थितीचं, वाटेतल्या अडचणींचं सांगायला जागा असते. हे कळताच दाजींचा चेहरा उजळला. “म्हणजे भूकंप तिथं घालायचा!” मी हात जोडले. पोरीने मात्र घातला, एका वाक्यात. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं आणि आजीने नव्या घरापासून जुन्या विहिरीला जायचं सोडलं नाही, असं. ते तिचं होतं, म्हणून मी गप्प बसलो.

जमा करायची रात्र. 980 शब्द. मी लातूरला गेलो होतो. सगळे पलंगावर लॅपटॉपभोवती बसलेले, आजी मध्यभागी. तिची एकच तक्रार होती की यात माझा आशीर्वाद कुठे लिहिलाय.

“आशीर्वाद नाही आजी, तुझा दोर लिहिलाय,” भाची म्हणाली आणि पहिला परिच्छेद मराठीत वाचून दाखवला. नारळ आला तेव्हा दाजी पंख्याकडे बघू लागले. आजी डोळे मिटून ऐकत होती. ‘सात गाठी’ आल्या तिथे तिने डोळे उघडले.

“सात?”

“हो, मार्चअखेर. मी मोजायचे ना.”

“तू मोजायचीस ते वरनं. दोन गाठी सदा पाण्यात असायच्या,” आजी म्हणाली. “नऊ होत्या.”

पोरीने माझ्याकडे पाहिलं, आणि ‘सबमिट’वरचा बाण मागे घेऊन फाइल पुन्हा उघडली.